अधिकार कळले म्हणजे झालं?

> शाळेच्या समितीतल्या पालकांना त्यांचे अधिकार नीट समजावून सांगा, मास्तर आपोआप वेळेवर यायला लागतील.

हे उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात करून बघितलं गेलं आहे. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी 'प्रथम' या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेसोबत गावोगावी सभा घेऊन ग्रामशिक्षण समितीचे अधिकार समजावले. आधी तर बऱ्याच सदस्यांना आपण समितीत आहोत हेच ठाऊक नव्हतं! काही गावांत लोकांनी स्वतः मुलांचं वाचन तपासून गावाचं प्रगतीपुस्तकही केलं. तरी समित्या हलल्या नाहीत, शिक्षकांची हजेरीही सुधारली नाही. फरक पडला तो गावांच्या तिसऱ्या गटात. तिथे गावातल्याच तरुणांना वाचन शिकवायचं प्रशिक्षण दिलं होतं, आणि त्यांच्या वर्गाला बसलेली मुलं चांगली वाचू लागली. म्हणजे लोक वेळ द्यायला तयार होते, पण समितीमार्फत शाळेशी भांडायला नव्हते.

आपल्याकडेही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक, निम्म्या महिला. कामं काय, तर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची नेमणूक, बदली, पगार यातलं काहीच हातात नाही. शिवाय सदस्य सचिव खुद्द मुख्याध्यापक, इतिवृत्त तेच लिहिणार. अशा समितीने गैरहजेरीचा ठराव केलाच, तर पुढे तो किती हलेल?