उत्तर: एसएमएस दोन्ही भाषांत पाठवावा का?

"सलूनचा फलक आणि दरपत्रक मराठी-इंग्रजीत केलं. आता अपॉइंटमेंटचा एसएमएसही एकातच दोन्ही भाषांत पाठवू का?"

एसएमएसपुरतं माझं मत स्पष्ट आहे: एका ग्राहकाला एकच भाषा.

कारण अक्षरमोजणीत आहे. नुसत्या इंग्रजी एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात. त्यात एक जरी देवनागरी अक्षर आलं, तर अख्ख्या मजकुराची मर्यादा 70 वर येते. शिवाय काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. 'स्त्री' म्हणजे सहा. मजकूर 70 च्या पुढे गेला की 67-67 चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे लागतात.

हे पाहा: "शनिवारी सकाळी 11 वाजता केस कापण्याची तुमची वेळ ठरली आहे." स्पेस आणि पूर्णविराम धरून 56, एका एसएमएसमध्ये बसलं. याखाली तेवढंच इंग्रजी जोडलंत तर दोन एसएमएसचा खर्च, आणि वाचणाऱ्याला त्यातला निम्माच मजकूर हवा असतो.

म्हणून पहिल्या भेटीत नंबर लिहून घेतानाच "मेसेज मराठीत की इंग्रजीत?" विचारा आणि नावापुढे म किंवा इं लिहून ठेवा. नावावरून, बोलण्यावरून अंदाज बांधू नका. मराठी बोलणाऱ्या कितीतरी जणांना मोबाइलवर इंग्रजी वाचणं सोपं जातं.

आणि मजकुरात 'उद्या' नको, वार लिहा. रात्रीचा मेसेज सकाळी उघडला की 'उद्या' एक दिवस पुढे सरकतो.