ओव्हरटाइमच्या थकबाकीचे पत्र

"वेर्ण्याच्या कारखान्यात मी कंत्राटदारामार्फत काम करतो. ओव्हरटाइमची थकबाकी मागणारे पत्र कसे लिहावे?"

पत्राचा गाभा असा ठेवावा:

"माझी रोजची पाळी 8 तासांची असून दोन्ही आठवड्यांत मी सहाही दिवस हजर होतो, त्यामुळे पुढील तास आठवड्याच्या 48 तासांपलीकडचे आहेत: 6 जानेवारी 2026 रोजी 3, 8 रोजी 4, 10 रोजी 2 आणि 13 रोजी 3, असे एकूण 12 तास. माझा रोज 560 रुपये, म्हणजे तासाला 70 रुपये; दुप्पट दराने 140 रुपये होतात. देय रक्कम 1,680 रुपये असून पहिल्या 9 तासांचे एकेरी दराने 630 रुपये मिळाले आहेत. उरलेले 1,050 रुपये द्यावेत."

मिळालेली रक्कम वजा करून दाखवणे महत्त्वाचे आहे, कारण कंत्राटदार बहुधा एकेरी दराने पैसे देऊन हिशेब मिटल्याचे सांगतो, आणि तुम्ही ती लपवलीत तर सगळा दावाच संशयास्पद ठरतो. दर काढताना मूळ पगारात महागाई भत्ता धरावा, बोनस मात्र धरू नये.

पत्र कंत्राटदाराला लिहून त्याची प्रत कारखान्याच्या व्यवस्थापनालाही द्यावी, कारण कंत्राटदाराने वेतन थकवल्यास ते चुकते करण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते. गेटवरील नोंदवहीच्या त्या तारखांचा उल्लेख करावा आणि पगारपावतीची झेरॉक्स जोडावी. मूळ पावती कुणालाही देऊ नये. पोचपावतीवर सही मिळाली नाही, तर पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि तीच प्रत पुढे पणजीच्या कामगार आयुक्तालयातील तक्रारीला जोडावी.