विषय: ‘चालू’ रकान्यात अठरा कार्डं, मर्यादा किती ठेवायची?

सुनीता, खानापूर

नमस्कार मंडळी,

उत्सवाच्या परवानग्यांची कामं आम्ही पाच जण मिळून बघतो: बेळगाव महानगरपालिकेचा मंडपाचा अर्ज, पोलिसांकडची ध्वनिक्षेपकाची परवानगी, हेस्कॉमची तात्पुरती वीजजोडणी आणि आसपासच्या लहान मंडळांचे असेच अर्ज. ट्रेलोच्या ऑनलाइन फळ्यावर मुळात तीन रकाने: करायचं, चालू, झालं. ‘चालू’त आज थांबलेली धरून अठरा कार्डं आहेत. महिन्याभरात सोळा कामं पुरी झाली, म्हणजे आठवड्याला चार.

‘चालू’ला पाचाची मर्यादा घालून पाहिली. दोन दिवसांत पाचही जागा कार्यालयात पडून असलेल्या अर्जांनी अडवल्या आणि माणसं मोकळी बसली. मग कुणीतरी ‘थांबलेलं’ नावाचा रकाना काढला आणि सगळं तिकडे सरकलं. त्याला मर्यादा नाही, त्यामुळे तो फुगतोच आहे. थांबलेली कार्डं मर्यादेत मोजायची का, आणि आकडा ठरवायचा कशावरून?

प्रकाश, उद्यमबाग

सुनीताताई, आमच्या मशीन शॉपमध्ये कार्ड पेटीबरोबर फिरतं. जितकी कार्डं तितक्याच पेट्या, कार्ड मोकळं झाल्याशिवाय नवा माल लावायचा नाही. तुम्हीही तसंच करा की. माणशी दोन कामं, पाच माणसं, म्हणजे मर्यादा दहा. कार्यालयात गेलेला अर्ज आपल्या हातात नसतो, तो मोजू नका.

अनंत, निपाणी

मी तर म्हणतो प्रत्येकाच्या नावाचा रकाना करा, म्हणजे कोण बसून आहे ते लगेच कळतं. आमच्या फळ्यावर ‘सभागृह दुरुस्ती’ हे कार्ड पावसाळ्यापासून एकाच जागी आहे. त्याला मर्यादा लावून काय होणार?

वंदना, शहापूर (सध्या दुबई)

सुनीता, आधी एक विचारते. अठरांपैकी किती कुठे अडलीत ते मोजता येईल का? माहिती गोळा होतेय, कन्नड मसुद्यासाठी थांबलंय, की कार्यालयात आहे?

सुनीता, खानापूर

मोजलं. माहिती जमतेय पाच. कन्नड मसुद्याच्या वाटेवर सात. कार्यालयात सहा. मसुदे एकटे विनायक करतात. आठवड्यात दोन संध्याकाळी बसतात, एका बैठकीत दोन मसुदे होतात.

वंदना, शहापूर (सध्या दुबई)

मग आठवड्याला चार हा आकडा पाच माणसांचा नाही, विनायकांच्या दोन संध्याकाळींचा आहे. बाकी चौघांनी कितीही अर्ज तयार केले तरी ते त्यांच्या दारात साचणार.

प्रकाशदादा, कारखान्याचा नियम तुम्ही अगदी बरोबर सांगितलात, पण तिथेही पेट्यांची संख्या माणसं मोजून ठरत नाही. दोन कामांच्या मध्ये किती माल असला की पुढचं मशीन उपाशी राहणार नाही, त्यावर ठरते. इथेही मर्यादा माणसाला नको, टप्प्याला हवी. ‘माणशी दोन’ धरलं तर चौघं मिळून आठ अर्ज विनायकांपुढे ठेवतील आणि नियम मात्र कुठेच मोडलेला दिसणार नाही. अनंतमामा, नावांच्या रकान्यांतही हीच अडचण आहे. काम कुणाकडे आहे ते दिसतं, पण ते कुठल्या पायरीवर अडलंय ते दिसत नाही. नाव कार्डावर लिहा.

मी असे रकाने करीन:

करायचं (मर्यादा नाही) → माहिती जमवणं (3) → कन्नड मसुदा (4) → कार्यालयात (6) → झालं

मसुद्याच्या चारात वाट पाहणारी आणि हातात असलेली, दोन्ही धरायची. दोन चालू बैठकीची, दोन पुढच्या बैठकीची. एवढ्यात विनायक रिकामे बसत नाहीत आणि त्यांच्याकडे जुनं काही साचतही नाही. सात साचली की काय होतं? सातवा अर्ज हाती येईपर्यंत जवळजवळ दोन आठवडे जातात. तेवढ्यात कार्यक्रमाची तारीख किंवा मंडपाचं माप बदललेलं असतं आणि माहिती पुन्हा विचारावी लागते.

आता खरी शिस्त. मसुद्यात चार असतील तर माहिती पुरी झालेलं कार्ड पुढे ढकलायचं नाही, ते ‘माहिती जमवणं’तच जागा अडवून राहील. तिथे तीन भरली की नवं काम उघडायचं नाही. मोकळा झालेला माणूस विनायकांचा भार हलका करेल: नेहमीच्या अर्जांचे कन्नड साचे तयार करायचे, मंडळाचं नाव, पत्ता, वॉर्ड क्रमांक आधीच भरून ठेवायचे, जोडपत्रं तपासायची. त्यामुळे त्यांची एक बैठक दोनाऐवजी तीन मसुद्यांची झाली तर मर्यादा वाढवा, आधी नाही. उलट, ते बसले आणि तयार कार्ड एकच निघालं, असं पुन्हा पुन्हा झालं तर मर्यादा फार घट्ट आहे असं समजा.

कार्यालयातले अर्ज मोजायचेच, पण वेगळे. अर्ज दिला म्हणजे काम संपत नाही, चौकशीची फेरी तुमचीच असते. आठवड्याच्या एका फेरीत सहा अर्जांची विचारपूस होत असेल तर मर्यादा सहा. प्रत्येक कार्डावर पुढच्या चौकशीची तारीख हवी, तारीख नसलेलं कार्ड या रकान्यात घ्यायचंच नाही. ‘थांबलेलं’ मात्र काढून टाका. कागद अपुरा म्हणून अडलेलं काम आपल्याच रकान्यात लाल खुणेसह राहू द्या. त्याने जागा अडवली की त्रास होतो, आणि त्या त्रासामुळेच कुणीतरी तो कागद आणायला निघतं.

ट्रेलोत ‘लिस्ट लिमिट्स’ हे पॉवर-अप लावलं तर मर्यादा ओलांडली की रकान्याचा रंग बदलतो, पण कार्ड अडत नाही. अडवणं माणसांनीच करायचं.

प्रकाश, उद्यमबाग

वंदना, टप्प्याचं पटलं. पण हिशेब बघ. आज अठरा कार्डं आणि आठवड्याला चार, म्हणजे साडेचार आठवडे. तुझ्या मर्यादेत तेरा, म्हणजे सव्वातीन. वेग तोच आहे, मग उरलेली पाच कार्डं ‘करायचं’मध्येच उभी राहिली ना? अर्ज मागणाऱ्या मंडळाला काय फरक पडला?

वंदना, शहापूर (सध्या दुबई)

मागणी केल्यापासून मोजलं तर फरक नाही, दादा, हे खरं आहे. फरक काम उघडल्यानंतरचा आहे. ‘करायचं’मधल्या कार्डावर अजून कुणाचा वेळ गेलेला नसतो. त्याचा क्रम बदलता येतो, मागणी बारगळली तर ते फुकट काढून टाकता येतं, आणि उघडताना ‘साधारण सव्वातीन आठवडे’ असं सांगता येतं. तेही सरासरीच, आणि आलेली व संपलेली कामं सारखी असतील तोवरच. आठवड्याला सहा मागण्या येत असतील तर कुठलाही रकाना वाचवणार नाही. दोघांना नाही म्हणावं लागेल किंवा दुसरा कन्नड लिहिणारा शोधावा लागेल.

अनंतमामा, ‘सभागृह दुरुस्ती’ हे कार्ड नाही, ती यादी आहे. ‘गळतीची जागा दाखवून गवंड्याकडून अंदाजपत्रक घेणं’ हे कार्ड. जे आठवड्या-दोन आठवड्यांत संपल्याचं दाखवता येईल तेवढंच एका कार्डावर लिहा, नाहीतर ते मर्यादेतली एक जागा कायमची खाईल.

अनंत, निपाणी

अंदाजपत्रक तर आलंय. पैसे कुठून आणायचे ते कार्ड कुठल्या रकान्यात घालू?

वंदना, शहापूर (सध्या दुबई)

‘करायचं’मध्ये, मामा. वर्गणीचा निर्णय होईपर्यंत ते उघडूच नका.

सुनीता, खानापूर

रकाने बदलले. मसुद्यातली तीन कार्डं मागे घेण्याऐवजी तिथेच ठेवलीत आणि सात चारावर येईपर्यंत नवं काही पुढे पाठवायचं नाही असं ठरलंय. म्हणजे जवळजवळ एक आठवडा माहितीचं काम बंद. त्या वेळात दोघं जण साचे करतील.

एक राहिलं. मुदत उद्यावर आलेला ध्वनिक्षेपकाचा अर्ज आला तर?

वंदना, शहापूर (सध्या दुबई)

तातडीसाठी एक वेगळी जागा ठेवा, एकच. ते कार्ड मर्यादा ओलांडून पुढे जाईल, पण दुसरं तातडीचं आलं तर पहिलं संपेपर्यंत थांबेल. किती वेळा वापरली ते लिहून ठेवा.

प्रकाश, उद्यमबाग

उत्सवाच्या आठवड्यात सगळेच अर्ज तातडीचे असतात, वंदना. तेव्हा एक जागा पुरणार नाही. माझ्या मते त्या महिन्यापुरते वेगळे आकडेच लागतील.

विनायक, टिळकवाडी

सगळं वाचलं. गुरुवारच्या बैठकीत साचे बघतो. वीजजोडणीचा आधी करा, त्यात प्रत्येक वेळी तेच तेच लिहावं लागतं. उत्सवाआधीचे तीन आठवडे मी तिसरी संध्याकाळ देऊ शकेन, त्यानंतर नाही. तेवढ्यापुरती मसुद्याची मर्यादा चाराची सहा करायची की चारच ठेवायची, ते तुम्ही ठरवा.