कोरा डब्ल्यूएमएस थर आणि स्क्रीनशॉटचा सल्ला

वॉर्ड_नकाशे: सरकारी पोर्टलचे डब्ल्यूएमएस, म्हणजे सर्व्हरवरून चित्र म्हणून येणारे नकाशे, नुसते दाखवायला आहेत. क्यूजीआयएसमध्ये जोडले, थर यादीत आला, नकाशा कोरा. माझा सल्ला: पोर्टलवर जाऊन स्क्रीनशॉट काढा, चार कोपरे जुळवून जिओरेफरन्स करा, काम संपवा. डब्ल्यूएमएसच्या नादी लागून दिवस घालवू नका.

मुठाकाठी: हे वाचून गप्प बसवलं नाही, कारण आमच्याकडे कामाला येणारी पोरं हेच शिकून येतात आणि मग त्यांची सवय मोडताना नाकी नऊ येतात. स्क्रीनशॉट जुळवताना तुमच्या हाताची चूक नकाशात शिरते. थरावर क्लिक करून माहिती विचारता येत होती, तीही जाते. उद्या पोर्टलवर थर बदलला तरी तुमचं चित्र जुनंच.

थर यादीत आला याचा अर्थ सर्व्हर जिवंत आहे आणि GetCapabilities चं, म्हणजे थरांची यादी मागणाऱ्या विनंतीचं, उत्तर मिळालंय. अडतंय ते GetMap पाशी, म्हणजे चित्र मागताना. ते कुठे अडतंय हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. क्यूजीआयएसमध्ये F12 दाबा, त्यात Network Logger आहे. रेकॉर्डिंग चालू आहे ना बघा आणि नकाशा जरा सरकवा. एकेक विनंती ओळीने दिसायला लागते. GetMap ची ओळ उघडून आधी एवढंच बघा की ती कुठल्या पत्त्यावर गेली.

आमच्याकडे अलीकडेच पुण्याच्या भूवापराचा एक थर असाच कोरा येत होता. कनेक्शन पोर्टलच्या पत्त्यावर, पण GetMap मात्र 10. ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर 8080 पोर्टला जात होती. तो त्यांच्या इमारतीच्या आतला पत्ता, बाहेरून कधीच उघडणार नाही. नकाशाचा सर्व्हर प्रॉक्सीच्या मागे असतो आणि त्याला स्वतःचा बाहेरचा पत्ता कुणी सांगितलेला नसतो (जिओसर्व्हरमध्ये Proxy Base URL रिकामं राहतं), म्हणून तो GetCapabilities मध्ये आतलाच पत्ता छापतो. क्यूजीआयएस त्यावर विश्वास ठेवतं. उपाय कनेक्शनच्या Edit मध्ये आहे: `Ignore GetMap/GetTile…` ने सुरू होणाऱ्या चौकटीत टिक करा. मग जुना थर काढून टाका आणि नव्याने जोडा. नुसती टिक करून जुना थर ठेवलात तर काही बदलणार नाही, कारण थर जोडतानाची सेटिंगं त्या थरासोबतच साठवलेली असतात. इथेच निम्मे लोक "करून बघितलं, चालत नाही" म्हणून सोडून देतात.

आमचा थर त्यानंतरही कोराच होता, पण आता वेगळ्या कारणाने. विनंती योग्य जागी जात होती, उत्तर 200 येत होतं, चित्रही येत होतं, फक्त ते पूर्ण पारदर्शक. अशा वेळी BBOX, म्हणजे मागितलेल्या चौकोनाच्या कडा, वाचायचा:

```
VERSION=1.3.0&CRS=EPSG:4326&BBOX=18.4,73.7,18.7,74.0
```

1.3.0 मध्ये EPSG:4326 असेल तर आधी अक्षांश द्यायचा, हा नियम. क्यूजीआयएसने तो पाळला. पोर्टलच्या सर्व्हरने मात्र जुन्या पद्धतीने पहिला आकडा रेखांश धरला. 18.5 पूर्व आणि 73.9 उत्तर म्हणजे नॉर्वेच्या वरचा समुद्र, बेअर आयलंडच्या थोडं दक्षिणेला. तिथे पुण्याचा भूवापर कुठून असणार? म्हणून रिकामं चित्र. खात्री करायला तीच विनंती ब्राउझरमध्ये उघडली आणि आकड्यांची अदलाबदल केली:

```
VERSION=1.3.0&CRS=EPSG:4326&BBOX=73.7,18.4,74.0,18.7
```

पुणे समोर आलं. म्हणजे दोष कुणाचा ते ठरलं. मग कनेक्शनमध्ये `Ignore axis orientation` वर टिक, थर पुन्हा जोडला, नदीच्या वळणासकट सगळं जागेवर.

वॉर्ड_नकाशे: तुमच्याकडे वेळ असेल. मला संध्याकाळी सहाला आर्किटेक्टला नकाशा द्यायचा असतो. तो नेटवर्क लॉग मागत नाही, पीडीएफ मागतो. आणि पोर्टलवाल्यांची चूक मी का निस्तरायची?

कोथरूडची_गौरी: दादा, एवढं लांब जायलाच नको. axis च्या दोन्ही चौकटींवर टिक करून टाकायची, Ignore आणि Invert. आणि प्रोजेक्टचा सीआरएस, म्हणजे निर्देशांक पद्धत, 4326 ठेवायचा. माझं नेहमी चालतं.

मुठाकाठी: गौरी, दोन्ही टिक केल्यास तर फिरून मूळ जागी येशील. Ignore मुळे अदलाबदल थांबते आणि Invert ती पुन्हा करायला लावतं. एका वेळी एकच. तुझं "नेहमी चालतं" ते बहुतेक नियम पाळणाऱ्या सर्व्हरवर, तिथे एकाही टिकेची गरज नव्हती. आणि प्रोजेक्टचा सीआरएस बदलून सर्व्हरकडे जाणारी विनंती बदलत नाही. ती थराच्या सीआरएसमध्ये जाते, जो आपण थर जोडायच्या खिडकीत निवडतो. तुझ्या म्हणण्यात तथ्य एवढंच की सीआरएसची निवड महत्त्वाची आहे. सर्व्हरच्या यादीत EPSG:32643 किंवा EPSG:3857 असेल तर तोच निवड. त्या दोन्हीत आधी पूर्व, मग उत्तर असाच क्रम असतो, त्यामुळे हा गोंधळ उद्भवतच नाही.

कोथरूडची_गौरी: बरं, Invert चं मान्य. पण प्रोजेक्ट 4326 केल्यावर माझा एक थर खरंच दिसायला लागला होता, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

मुठाकाठी: प्रोजेक्ट बदलताना तू थर पुन्हा जोडला होतास का? जोडला असशील तर खिडकीने तेव्हा वेगळा सीआरएस घेतला असेल. लॉग बघितल्याशिवाय मी जास्त बोलणार नाही.

गट_मुळशी: माझाही हाच प्रॉब्लेम आहे. मुळशीत आमची जमीन आहे. गटांचा थर सॅटेलाइट चित्रावर टाकला की आमच्या गटाची हद्द ओढ्यात जाते आणि शेजाऱ्याची आमच्या विहिरीवर येते. axis वर टिक केली तर सगळाच थर गायब झाला. आता काय करू?

जुना_आरेखक: टिक काढून टाका, तुमचा आजार तो नाही. अक्षांश-रेखांश उलटे झाले तर नकाशा हजारो किलोमीटर जातो, ओढ्यापर्यंत नाही. थोडासा सरकलेला थर म्हणजे डेटमचा, पृथ्वीच्या मानलेल्या आकाराचा, फरक. आपले जुने टोपोशीट एव्हरेस्ट डेटमवर आहेत, 2005 च्या नकाशा धोरणानंतर नवी मालिका डब्ल्यूजीएस 84 वर आली. जुन्यावरून काढलेल्या थराला कुणी डोळे झाकून 4326 म्हटलं की पुण्याच्या भागात शे-सव्वाशे मीटरचा फरक पडतो. आयुष्यभर हेच बघितलंय. हल्लीच्या पोरांना एव्हरेस्ट म्हटलं की शिखरच आठवतं.

टेकडी_वाचवा: काका, हेच मी कधीपासून ओरडून सांगतोय. नदीच्या निळ्या रेषेचा थर आम्ही मोबाइलवर घेऊन मुठेकाठी फिरतो. तीस-चाळीस मीटर सरकला की बिल्डर म्हणतो तुमचा नकाशाच चुकीचा. आम्हाला चित्र नकोय, शेपफाइल द्या! जनतेच्या पैशातून केलेली माहिती जनतेला चित्र म्हणून का दाखवता? डब्ल्यूएमएसचं कौतुक करणारे लोकच याला जबाबदार आहेत.

मुठाकाठी: मी कौतुक केलेलं नाही, तो चालवायचा कसा ते लिहिलंय. शेपफाइल मिळायला हवी, याबद्दल माझं दुमत नाही. पण शेपफाइल मिळाली तरी सरकलेली रेषा सरकलेलीच मिळेल. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तिच्यावर घरं राहायची की पडायची ते ठरतं. ती मोबाइलवरच्या चित्रावरून बिल्डरशी भांडायला वापरू नका. उद्या तो खरंच जुळलेला नकाशा घेऊन येईल आणि तुमचं सगळं म्हणणं खोटं ठरवेल.

टेकडी_वाचवा: म्हणजे आम्ही गप्प बसायचं? खुर्चीत बसून सांगणं सोपं आहे. पुराचं पाणी तुमच्या घरात शिरलेलं नाही.

मुठाकाठी: माझ्या मामाच्या घरात शिरलं होतं, सिंहगड रस्त्याला. म्हणूनच कच्चा पुरावा घेऊन जाऊ नका म्हणतोय.

जुना_आरेखक: भांडू नका. मुळशीवाले, तुम्ही एक करा. एकमेकांपासून लांब अशा दोन पक्क्या खुणा घ्या. ओढ्यांचा संगम, जुन्या रस्त्यांचा फाटा, असं काही. दोन्हीकडे नकाशा किती आणि कुठल्या दिशेला सरकलाय ते क्यूजीआयएसच्या मोजपट्टीने मोजा. दोन्हीकडे सारखाच, एकाच दिशेला असेल तर डेटम. सांगा मग.

गट_मुळशी: मोजलं. ओढ्यापाशी वीसेक मीटर पूर्वेला. वाडीच्या फाट्यापाशी जवळजवळ पंचेचाळीस, पण दक्षिणेला.

जुना_आरेखक: मग डेटम नाही. डेटमचा फरक एका गावात दिशा बदलत नाही.

मुठाकाठी: आणि तो शे-सव्वाशेच्या घरातही नाही. हा गावनकाशा आहे. साखळीने मोजलेला, प्रत्येक गावाचा वेगळा कागद, त्यावर अक्षांश-रेखांश नाहीत. स्कॅन करून, सॅटेलाइट चित्रावरच्या खुणांना ताणून बसवलेला. जिथे खुणा चांगल्या मिळाल्या तिथे जुळतो, मध्ये कुठेही जातो. डब्ल्यूएमएस थर हाताने सरकवायची सोय क्यूजीआयएसमध्ये नाही, आणि असती तरी उपयोग झाला नसता, कारण सगळा गाव एकाच मापाने सरकलेला नाही. थराच्या Properties मध्ये जाऊन सीआरएस बदलत बसू नका. त्याने चित्राला फक्त खोटी ओळख मिळते.

गट_मुळशी: मग शेजाऱ्याला काय दाखवू? तो तर मोबाइलवर हेच दाखवून विहीर त्याची म्हणतोय.

जुना_आरेखक: त्याला सांगा, पडद्यावरचा नकाशा हद्दीचा पुरावा नसतो. भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. मोजणीवाला बांधावर उभा राहून सांगेल तेच धरायचं.

टेकडी_वाचवा: आणि मोजणीची तारीख मिळेपर्यंत विहिरीचं काय, ते कोण सांगणार? शेपफाइलचा मुद्दा मी सोडलेला नाही.

वॉर्ड_नकाशे: विषय कुठल्या कुठे गेला. असो. लॉग उघडला. माझीही GetMap 192.168 ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर जात होती. टिक केली, थर पुन्हा जोडला, वॉर्डांच्या हद्दी आल्या आणि जागेवर आहेत. तेवढं मान्य. स्क्रीनशॉटचा सल्ला मात्र घाईच्या कामापुरता मी मागे घेत नाही. त्याच पोर्टलचा इमारतींचा थर अजून कोरा आहे, टिक असूनही. आता तुमचा लॉग काय म्हणतो?

कोथरूडची_गौरी: पूर्ण शहर दिसतंय का पडद्यावर? खूप आत जा, एखाद्या पेठेइतकं. इमारतींच्या थरांना बऱ्याचदा स्केलची मर्यादा लावलेली असते, GetCapabilities मध्ये `MaxScaleDenominator` शोध. त्याहून बाहेर असलास की सर्व्हर रिकामं चित्रच देतो.

वॉर्ड_नकाशे: 10000 लिहिलंय. मी 1:60000 वर होतो. आत गेल्यावर दिसतायत. पण मग पूर्ण वॉर्डाचा ए1 छापायचा कसा?

मुठाकाठी: छपाईच्या लेआउटमध्ये ए1 वर वॉर्ड कितव्या स्केलला बसतो ते आधी बघ. 1:10000 च्या आत बसत असेल तर एक पान पुरेल, नाहीतर तुकडे करावे लागतील. एक पानच हवं असेल तर मूळ डेटा मागावा लागेल, आणि तिथे टेकडीवाल्यांचं म्हणणं बरोबर आहे.