बिलाची रक्कम थेट कार्ड मशीनवर: करून घ्यावं का?

गल्ल्यावरून
दोन काउंटर आहेत. बिल संगणकावर होतं आणि तीच रक्कम कार्ड मशीनवर परत हाताने मारावी लागते. मागे १,४८० च्या जागी १,८४० मारले गेले, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडायला आलं. सॉफ्टवेअरवाला म्हणतो, दोन्ही जोडून देतो, रक्कम आपोआप जाईल. आमच्याकडे यावर दोन तट पडलेत. तुम्ही काय म्हणाल?

जुना_काउंटर
मी विरोधात. हाताने मारताना माणूस निदान एकदा तरी आकड्याकडे बघतो. आपोआप जायला लागली की कोण बघतंय! बिलातच एकाच्या जागी अकरा नग पडले असतील, तर ती चूक सरळ गिऱ्हाइकाच्या कार्डावर.

मेळ_बसेना
अहो, अकरा नगांचं बिल असेल तर हाताने मारणाराही अकराचीच रक्कम मारणार. तो बिलावरूनच बघून मारतो ना?

गल्ल्यावरून, तुमचा फरक ३६० चा. त्याला नऊने भाग जातो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले की फरकाला नेहमी नऊने भाग जातो, म्हणून संध्याकाळी मेळ बसला नाही की मी पहिल्यांदा तेच तपासायचो. (शून्य जास्त पडलं तरी भाग जातो, तेव्हा एवढ्यावरून निकाल लावू नका.) जोडणी झाल्यापासून हे फरक माझ्याकडे बंद झाले. आता जे येतात ते वेगळ्या जातीचे असतात आणि शोधायला जास्त छळतात.

जुना_काउंटर
बघा, छळ आहेच म्हणजे.

चार_हात_लांब
मूळ धोका कोणी सांगतच नाहीये. मशीन संगणकाला जोडलं की कार्डाचा नंबर संगणकात येणार. संगणकात व्हायरस असला की संपलं.

तारजोड
मी या जोडण्या करून देतो, म्हणून जरा लांबण लावतो.

चार_हात_लांब, तुमची भीती जुन्या पद्धतीला लागू होती. तेव्हा कार्ड वाचणारा भाग संगणकालाच लावलेला असे आणि माहिती संगणकातून पुढे जाई. तिथून चोऱ्या झाल्याही आहेत. आताच्या नेहमीच्या जोडणीत संगणक मशीनला एवढंच सांगतो की विक्री आहे, रक्कम अमुक, आमचा संदर्भ क्रमांक तमुक. कार्ड, पिन, बँकेशी बोलणं हे सगळं मशीन स्वतः करतं. संगणकाकडे परत येतं ते मंजूर की नामंजूर, किती रक्कम मंजूर, मंजुरीचा कोड आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे. काउंटरवरच्या माणसाने कार्डाचा नंबर संगणकात टाइप केला तर मात्र तुमचं म्हणणं खरं.

आता मेळ_बसेना म्हणतात तो छळ. तो रक्कम जाताना होत नाही, उत्तर परत येताना होतो. समजा १,४८० मशीनवर गेले, गिऱ्हाइकाने पिन टाकला, बँकेने मंजुरी दिली, आणि नेमकं त्याच वेळी मशीन आणि संगणक यांच्यामधलं नेटवर्क गेलं. बँकेच्या लेखी पैसे कापले गेले. मशीनच्या पडद्यावर मंजूर. संगणक मात्र वाट बघत बसलाय. त्याची मुदत संपली की तो काय लिहितो, त्यावर सगळं ठरतं. ‘उत्तर आलं नाही’ आणि ‘नकार आला’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कच्चं सॉफ्टवेअर दोन्हीला ‘फेल’ म्हणतं, मग काउंटरवरचा माणूस पुन्हा बटण दाबतो आणि १,४८० दोनदा कापले जातात.

नीट लिहिलेलं सॉफ्टवेअर तिथे थांबतं. नवी विक्री न पाठवता मशीनला तोच संदर्भ क्रमांक देऊन विचारतं की याचं काय झालं. नेक्सो नावाच्या प्रोटोकॉलमध्ये त्यासाठी `TransactionStatus` असा वेगळा संदेशच आहे. मशीन मंजूर म्हणालं की बिल बंद. मशीन नामंजूर म्हणालं किंवा त्याच्याकडे नोंदच नसेल, तरच पुन्हा पैसे घ्यायचे.

मेळ_बसेना
अगदी हेच. माझ्याकडे एका दिवशी बँकेच्या यादीत कार्डाच्या एकेचाळीस नोंदी आणि बिलं चाळीस. त्या फरकाला नऊने भागून काय मिळणार? शेवटी एकाच चार आकड्यांचं कार्ड, तीच रक्कम आणि दोन मिनिटांचं अंतर असं शोधत बसलो.

फिकट_स्लिप
आमच्या मशीनची स्लिप फार फिकट येते. जोडणी केली तर ठीक होईल का?

तारजोड
नाही हो, त्याचा जोडणीशी संबंध नाही. रोल बदलून बघा आणि प्रिंटरचा हेड पुसून घ्या.

निळा_स्टिकर
दोन काउंटर म्हटलंय म्हणून आमचं सांगते. आमची मशिनं बिनतारी. रात्री शेजारी शेजारी चार्जिंगला लावली, सकाळी अदलाबदल होऊन परत आली. मी रक्कम पाठवली ती पलीकडच्या काउंटरवर उमटली, आणि तिथल्या गिऱ्हाइकाने माझं बिल भरलं! त्यांनी आकडा बघितलाच नाही, कार्ड टेकवून मोकळे. सॉफ्टवेअर मशीनला त्याच्या नंबराने ओळखतं, ते कुठल्या टेबलावर आहे हे त्याला काय माहीत? आता मशीनवर आणि संगणकाच्या पडद्यावर एकाच रंगाचे स्टिकर लावलेत.

जुना_काउंटर
मी सुरुवातीला तेच म्हणालो. कोणी बघत नाही.

निळा_स्टिकर
हो, त्यात तुमचं बरोबर आहे. पण हाताने मारायला मी परत जाणार नाही. गर्दीच्या वेळी काय होतं ते मी बघितलंय.

गल्ल्यावरून
तारजोड, घेण्याआधी हे तपासायचं कसं? सॉफ्टवेअरवाला तर म्हणतो, असं कधी होतच नाही.

तारजोड
त्याच्यासमोरच करा. लहान रकमेचं बिल, स्वतःचं कार्ड. पिन टाकला की लगेच संगणकाची नेटवर्कची वायर काढा. मशीन मात्र स्वतःच्या सिमवर असू द्या. दोघं एकाच वायफायवर असतील आणि तुम्ही वायफायच बंद केलं, तर मशीनही बँकेपर्यंत पोचणार नाही, आणि मग ती वेगळीच चाचणी होते. मशीनवर मंजूर आलं की संगणकाचा पडदा बघा. ‘स्थिती माहीत नाही’ अशा अर्थाचं काही यायला हवं. वायर परत लावल्यावर बिल आपोआप किंवा ‘स्थिती तपासा’ अशा बटणाने बंद व्हायला हवं.

मेळ_बसेना
आणि जोडणी झाल्यावर हाताने रक्कम मारायची सोय कुलूपबंद करून घ्या. नाहीतर लोक घाईत सरळ मशीनवर मारतात आणि ते पैसे कुठल्या बिलाचे हे कळत नाही.

तारजोड
इथे माझं जमत नाही. संगणकच बंद पडला तर गिऱ्हाइकाला परत पाठवणार का? सोय राहू द्या, फक्त वापरली की स्लिपवर बिल नंबर लिहायचा.

मेळ_बसेना
लिहीत नाहीत हो. पासवर्ड घाला, तो एकाकडेच असू द्या.

निळा_स्टिकर
आणि तो एक जण जेवायला गेला की?

गल्ल्यावरून
आज वायर काढून बघितली. मशीनवर मंजूर, संगणकावर लाल अक्षरात ‘पेमेंट फेल, पुन्हा प्रयत्न करा’. सॉफ्टवेअरवाला गप्पच झाला. म्हणाला, पुढच्या आवृत्तीत बघतो. तोवर आमच्याकडे हातानेच.

जुना_काउंटर
वा!

तारजोड
ते ‘पुन्हा प्रयत्न करा’ काढून टाकायला तरी आजच सांगा. त्याच्या इतर दुकानांत ते आत्ताही चालू असेल.