मदत हवी आहे: जळवा आणि काटे, दोन्हींसाठी पँट कोणती घ्यावी?

पाऊसवाट: शनिवारी निघायचंय, लवकर सांगा. जळवांच्या जंगलासाठी पँट हवी आहे. काट्यांनी फाटू नये, भिजली तर पटकन वाळावी. आणि गेटर्स घेतले की जळवांचा प्रश्न मिटतो ना? दुकानदार तसं म्हणतोय.

सह्यकडा: कुठलं जंगल? पायवाटेनं जाणार की रानात शिरणार?

भटकभवानी: साधी ट्रॅकपँट घ्या. मी राजगडाला पावसात तीच घालते, चालता चालता वाळते.

पाऊसवाट: आंबोली. मैत्रिणीला वनस्पतींच्या नोंदी करायच्यात, म्हणजे वाट सोडून करवंदीच्या जाळ्यांतूनच जायचंय.

सह्यकडा: मग ट्रॅकपँट नको. तिचं कापड बनियनसारखं असतं. काटा अडकला की धागा ओढला जातो, आणि कापड ताणलं की जळू त्यातूनही चावते. घट्ट विणीची नायलॉनची पँट घ्या, गुडघ्यात सैल. कापड उजेडासमोर धरा, बारीक ठिपके दिसले तर ठेवून द्या. रंग फिका घ्या, चढणारी जळू लगेच दिसते. गुडघ्याशी चेन असलेली, अर्धी होणारी पँट टाळा. ओल्यात ती चेन घासते.

गेटर्स नडगीला काट्यांपासून वाचवतात, जळवांपासून नाही. जळू बुटावर चढते आणि गेटरच्या खालच्या फटीतून आत जाते. आत गेली की दिसतही नाही. त्यासाठी जळूमोजे लागतात: साध्या मोज्यांवर, बुटाच्या आत, गुडघ्यापर्यंत. पँट त्यांत खोचायची आणि वर नाडी आवळायची. बाजारात मिळाले नाहीत तर शिंप्याकडून दुहेरी पॉपलीनचे शिवून घ्या. मग जळू बाहेरूनच वर चढते, थांबाल तिथे झटकता येते. शर्टही खोचा, नाहीतर ती कमरेशी पोचते.

नाना_कुडाळ: एवढा खर्च कशाला? काठीच्या टोकाला मिठाची पुरचुंडी बांधा. आमच्याकडे सगळे तेच करतात.

सह्यकडा: नाना, अंगावरच्या जळवेला ती लागू पडते, पण आंबोलीच्या पावसात मीठ किती टिकणार? आणि चावलेल्या जळवेवर मीठ टाकलं तर ती जखमेतच ओकते. नख चामडीलगत सरकवून तिचं निमुळतं तोंड आधी सोडवायचं.

नाना_कुडाळ: पुरचुंडी पुन्हा भरता येते. आमचं काही बिघडलेलं नाही.

रानफूल: रेनपँट का नको? माझ्या मुलासाठी घ्यायचीय, सायकलवर शाळेत जातो.

भटकभवानी: सायकलला चालेल. करवंदीत पहिल्याच दिवशी फाटेल आणि आत घामानं भिजाल ते वेगळंच. पण सह्यकडा, जळूमोजे आणि वर गेटर्स म्हणजे पाय उकडून निघतील.

सह्यकडा: उकडतंच. जाळीत शिरताना गेटर्स चढवायचे, मोकळ्या सड्यावर काढायचे.

भटकभवानी: भर पावसात दर वेळी बकलं कोण सोडत बसणार? मी तरी नुसते मोजेच घालीन.

पाऊसवाट: पॉपलीन घेतलं. शिंपी विचारतोय, बोटांकडची शिवण आत ठेवू की बाहेर? उद्या सकाळी तो कापायला घेणार आहे.

सह्यकडा: बाहेर, आणि दुमडून दोनदा मारायला सांगा. आत ठेवली तर बोटांना फोड येतील. माप मोजे घातलेल्या पायाचं द्या.