मदत हवी आहे: ऑफर स्वीकारताना परीक्षेची पगारी रजा आणि व्हाउचरचे पैसे कसे मागू?

नमस्कार मंडळी. पुण्यातल्या एका कंपनीची क्लाउड इंजिनिअरची ऑफर आली आहे, शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा आहे. जॉइन झाल्यावर पाचव्या आठवड्यात माझी एडब्ल्यूएस सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएटची परीक्षा आहे. फी 150 डॉलर आणि वर कर. एचआरच्या ताई फोनवर म्हणाल्या, "होऊन जाईल." ऑफर लेटरमध्ये मात्र एवढंच आहे: "कंपनीच्या धोरणानुसार."

मागच्या नोकरीत याच शब्दांनी माझा घात केला. पास झालो, बिल लावलं, तर उत्तर आलं की प्रोबेशनमध्ये लागू नाही. म्हणून या वेळी सही करण्याआधी ईमेलवर लेखी घ्यायचं आहे. मसुदा असा केलाय:

"परीक्षेचा दिवस आणि आदला दिवस पगारी रजा मिळावी, ती वार्षिक रजेतून वजा होऊ नये आणि प्रोबेशनमध्येही लागू असावी. फी कंपनीच्या व्हाउचरने भरावी, किंवा पावती दिल्यावर पुढच्या पगारात मिळावी."

अडलंय ते नापास होण्यावर. दुसरा प्रयत्न 14 दिवसांनी देता येतो, पण फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. पहिल्या प्रयत्नाचे पैसे निकाल काहीही लागला तरी मागावेत, की "पास झाल्यावरच" हे मान्य करावं? आणि वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास वसुली असेल, तर ती उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात करून घेता येते का? कुणी असं लिहून घेतलं असेल तर नेमके शब्द सांगा, प्लीज.